गॅझेटात नसलेली हजेरी

बनुबाई 'ऱ्हावा' म्हणाली होती. फार काही नाही, तेवढंच. सांगलीच्या दवाखान्यात खाटेवर पडल्या पडल्या तिनं नवऱ्याच्या धोतराचा सोगा बोटांत धरला आणि म्हणाली, "आवं, आजच्या रोज ऱ्हावा. मला बरं वाटंना झालंय."

तात्याबा खाली फरशीवर बसला होता. त्याचं ध्यान तिच्याकडं कमी आणि खिडकीतल्या उन्हाकडं जास्त. ऊन खिडकीच्या गजांवरून उतरून भिंतीला लागलं होतं. म्हणजे आता उठलं नाही तर दिवस मावळायच्या आत गावच्या चावडीवर पोचणं व्हायचं नाही. पाटलानं तीन दिवसांचा पास दिला होता आणि आज तिसरा दिवस होता.

"हजेरी हाय," तो म्हणाला. "आकाराम हाय न्हवं तुझ्यापाशी. मी उद्या नवा पास काढून येतो."

सोगा सुटला. तात्याबानं तो सोडवला की तिनंच सोडला, हे पुढं त्याचं त्यालाही सांगता आलं नाही. दाराशी उभा असलेला त्याचा मुलगा आकाराम बापाकडं बघत होता. त्याचाही पास त्याच दिवशी संपत होता. "तुमी जावा," तो म्हणाला. "मी येत न्हाई."

तात्याबा वाटेला लागला आणि वेळेवर चावडीवर पोचला. हंबीरराव पाटलांनी हजेरीबुकातून नाव वाचलं, आणि वीसेक वर्षं म्हणत आला तसं तो 'हाजीर' म्हणाला. दुसऱ्या दिवशी पहाटे, सांगलीत, बनुबाई गेली.

आता ही हजेरी काय होती, ते ज्यांनी ती कधी दिली नाही त्यांना सांगायला हवं. इंग्रज सरकारनं एक कायदा केला होता. त्या कायद्यानं काही जातीच्या जाती गुन्हेगार ठरवल्या. चोरी केली म्हणून नव्हे, त्या घरी जन्मले म्हणून. आमच्या भागातले रामोशी त्यात आले. घरातल्या कर्त्या पुरुषांची नावं रजिस्टरला चढली, अंगठ्याचे ठसे घेतले, आणि रोज दिवस मावळताना चावडीवर उभं राहून नावाला ओ द्यायची. पासाशिवाय शीव ओलांडायची नाही. गंमत अशी, की ओ देऊन झाली की तोच तात्याबा काठी घेऊन रात्रभर पाटलांच्या उसाची राखण करायचा. ज्याला चोर म्हणायचं त्याच्याच हाती मळा सोपवायचा, आणि यात काही विसंगत आहे असं उभ्या गावात कुणाला वाटत नव्हतं. तात्याबालाही नाही. सरकारचा हुकूम आहे म्हटल्यावर त्याच्या लेखी विषय संपत असे.

तात्याबाचा नवा पास निघायच्या आतच अग्नी देऊन झाल्याचा निरोप गावात आला, म्हणून तो गेलाच नाही. आकारामनं आईला कृष्णेच्या घाटावर अग्नी दिला, राख सावडली आणि मगच तो गावाकडं निघाला. शिवेवरच पोलिसांनी त्याला धरलं. पासाशिवाय गैरहजर, तेही दुसऱ्याच्या राज्यात, कारण सांगली तेव्हा संस्थानात होती आणि आमचं गाव सातारा जिल्ह्यात. खटला इस्लामपूरच्या कोर्टात उभा राहिला. सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकत होती. आणि एकदा शिक्षा झाली की पुढं तारेच्या कुंपणातल्या वसाहतीत नेऊन घालतात, अशी दोन घरं रामोशीवाड्यानं रिकामी होताना पाहिली होती. जामीन राहायला गावातलं कोणी पुढं आलं नाही, म्हणून पोरगं कोठडीतच राहिलं.

तात्याबा कोठडीपाशी भेटायला गेला तेव्हा आकाराम गजांजवळ आला. बापानं आणलेली भाकरी घेतली.

"सरकारचा हुकूम हुता बाबा," तात्याबा म्हणाला. "न्हाईतर मी आलो असतो का उठून?"

"व्हय," आकाराम म्हणाला, आणि पाठ फिरवून भिंतीशी जाऊन बसला.

लालासाहेब वकिलांचा मळा आमच्या गावच्या शिवेला लागून होता आणि तोही तात्याबाच राखायचा. एवढ्या ओळखीवर म्हातारा त्यांच्या दाराशी जाऊन बसला. वकील चाळिशीचे, आवाजानं मऊ, पण कोर्टात उभे राहिले की सोडत नसत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. दवाखान्याचं, पासाचं आणि सोग्याचंही. सोग्याचं सांगताना तात्याबा थांबला, मग पुन्हा म्हणाला, "हुकूमच हुता, सायेब. आमी काय करनार?"

"बघतो," वकील म्हणाले. "पोरगा गैरहजर होता हे तर खरंच आहे. ते नाकारून चालणार नाही. पण हजर राहायलाच पाहिजे असं कुणी आणि कशानं म्हटलंय, तेवढं तरी सरकारला दाखवू दे."

पहिल्या तारखेला पोलिसांचा वकील अगदी निर्धास्त होता. त्यानं पोलीसप्रमुखांचं एक सर्क्युलर पुढं केलं. गावोगावच्या पोलीस पाटलांना उद्देशून काढलेलं, की अमुक अमुक पाच गावच्या रामोश्यांची रोज हजेरी घ्यावी आणि गैरहजरांची वर्दी द्यावी. त्या पाच गावांत आमचं गाव होतं. हंबीरराव पाटील साक्षीला उभे राहिले. पटका बांधून, छाती काढून त्यांनी सांगितलं की होय, इतकी वर्षं या कागदावरून हजेरी घेतोय.

लालासाहेबांनी विचारलं, "पाटील, हे सर्क्युलर कुणाला लिहिलंय?"

"आमाला. पाटलास्नी."

"आकारामला लिहिलंय?"

"त्येला कशाला लिवतील?"

"याशिवाय दुसरा काही हुकूम तुम्ही पाहिला? गॅझेटातला?"

हंबीररावांना प्रश्नाचा राग आला नाही, नवल वाटलं. "कचेरीतनं कागद आला. कागद म्हंजे सरकार. त्यो कुटनं आला आन् कशावरनं आला ह्ये पाटलानं इचारायचं आसतं व्हय?"

कोर्टात लोक हसले. पण त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. गावातली पाटीलकी, कचेरीतली कारकुनी आणि वरची साहेबी, सगळी अशीच चालत होती. वरचा कागद आला की खालचा मान हलवी. त्या कागदाच्याही वर आणखी कागद असतो आणि तो कधी कधी नसतोही, हे बघायला कुणाचीच मान वर होत नसे.

मॅजिस्ट्रेट साहेबांनी सर्क्युलर वाचलं आणि पोलिसांच्या वकिलाला म्हणाले, "हे तुमच्या खात्यातल्या साहेबानं आपल्या हाताखालच्या माणसांना सांगितलेलं आहे. पाटलानं हजेरी घेतली नाही तर पाटलावर कारवाई होईल. पण आरोपीला तुरुंगात घालायचं तर हा अधिकार कुठून आला तो दाखवा." तारीख पडली.

दुसऱ्या तारखेला आणखी कागद आले. एक होता कलेक्टर कचेरीचा मेमो, तालुक्याच्या मामलेदारांना धाडलेला. त्यात लिहिलं होतं की सरकारी ठराव अमुक, तारीख अमुक, यास अनुसरून पाच गावी हजेरी चालू करण्याची तजवीज करावी. आणि साताऱ्याहून मुद्दाम मागवलेला तो ठरावही होता. खालीवर शिक्के, सेक्रेटरीची सही, आणि 'गव्हर्नर साहेबांच्या हुकमावरून' असे जाड शब्द. कागद बघूनच तात्याबाला वाटलं, आता पोरगं सुटत नाही. तो मागच्या बाकाशी उकिडवा बसला होता. पोलिसांचा वकील तो ठराव दोन्ही हातांनी उचलून म्हणाला, "हा कुठल्या कचेरीचा कागद नव्हे. हा खुद्द मुंबई सरकारचा ठराव आहे. याच्या वर काय असतं?"

लालासाहेबांनी ठराव मागून घेतला आणि सावकाश वाचला. दरोड्यांच्या तक्रारी, जिल्हा मॅजिस्ट्रेटांची शिफारस, आणि मग 'सरकारास ही सूचना मान्य आहे.' त्याखाली एक शेवटचं वाक्य होतं. ते त्यांनी मोठ्यानं वाचलं: "कायद्यान्वये अवश्य तो जाहीरनामा, जिल्हा मॅजिस्ट्रेटांकडून मसुदा आल्यावर, सरकारी गॅझेटात प्रसिद्ध करण्यात येईल."

"येईल," वकील म्हणाले. "तो आला का, एवढंच मला विचारायचं आहे."

मॅजिस्ट्रेटनी कायद्याचं पुस्तक उघडून कलम पाहिलं आणि पोलिसांच्या वकिलाला गॅझेट हजर करायला आणखी एक तारीख दिली.

त्या दिवशी कोर्टाबाहेर, चिंचेखाली, तात्याबानं वकिलांना गाठलं. त्याच्या डोक्यात सगळ्या कागदांचा काला झाला होता. "सायेब, आवं ह्यातला खरा कागद कुटला?"

"सगळेच खरे आहेत, तात्याबा. एकही खोटा नाही." लालासाहेब पारावर टेकले. समोरच्या माणसाला समजल्याशिवाय आपल्यालाही नीट समजलं असं त्यांना वाटत नसे. "असं बघ. पाटलाला वाटलं, उद्यापासून ओढ्यावर कुणी गुरं धुवायची नाहीत. हे त्यानं मनात पक्कं केलं, पंचांत बोलून लिहूनही ठेवलं. हा झाला सरकारी ठराव. सरकारचं मन ठरलं. सरकारच्या नोकरांनी तो मानायचाच. कुणाचा पगार, कुणाची बदली, कुठं शाळा काढायची, असली सरकारच्या घरातली कामं ठरावावर चालतात. मग चावडीवरच्या कारकुनानं दुसऱ्याला चिठ्ठी लिहिली, पाटलानं असं असं ठरवलंय, तयारीला लाग. हा मेमो. आणि कोतवालाला ताकीद दिली, ओढ्यावर उभा राहा, गुरं दिसली की सांग. हे सर्क्युलर. पण गावात दवंडीच पिटली नाही. मग तू गुरं धुतलीस तर तुला दंड करता येईल का?"

"दवंडीच न्हाई, तर मला कसं ठावं हुनार?"

"बरोबर. त्यातही आणखी एक आहे. आपला कायदाच म्हणतो की माणसाला हजेरीला बांधायचं असेल तर ते गॅझेटात जाहीरनामा काढूनच बांधायचं. दुसऱ्या कुठल्या रीतीनं नाही. सरकारलासुद्धा ती सूट नाही. ठराव कितीही मोठ्या सहीचा असू दे, तो जाहीरनाम्याच्या जागी बसत नाही."

"आन् आमची नावं? रजिष्टरात हायती ती?"

"ती गॅझेटात आहेत. मी पाहिलं. तुमची जात गुन्हेगार ठरवल्याचा जाहीरनामा निघालाय, तो लागू आहे. शेजारच्या गावांच्या हजेरीचाही निघालाय. पण नंतर ही पाच गावं वाढवली, त्यांचा मला सापडत नाही. मला वाटतं, साताऱ्याच्या कचेरीला वाटलं मुंबई काढेल, आणि मुंबई साताऱ्याच्या मसुद्याची वाट बघत राहिली. तोवर मेमो खाली आला, हजेरी सुरू झाली, आणि चाललंय म्हटल्यावर कुणी विचारलं नाही."

तात्याबानं यातलं आपल्याला हवं तेवढं उचललं. "म्हंजे पोरगं सुटंल?"

"सुटेल असं वाटतंय." लालासाहेब म्हाताऱ्याच्या तोंडाकडं बघत राहिले. त्यांना आताच काहीतरी सुचलं होतं आणि ते सुचलं नसतं तर बरं झालं असतं असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तात्याबाला वाटलं, फीची काळजी असेल. "मी राखनीत फेडीन सायेब," तो म्हणाला. वकिलांनी मान हलवली आणि ते उठून गेले.

तिसऱ्या तारखेला लालासाहेब कोर्टाच्या पायरीवरच त्याची वाट बघत उभे होते. "तात्याबा," ते म्हणाले, "आज तू बाहेर बस. आत नुसती कायद्याची झोंबाझोंबी आहे. निकाल लागला की मी येऊन सांगतो."

"पोराचा निकाल हाय, सायेब."

"म्हणूनच सांगतोय."

तात्याबानं आयुष्यात मोठ्या माणसाचं न ऐकल्याची उदाहरणं बोटावर मोजण्याइतकीही नव्हती. तो चिंचेखाली गेला, बसला. पण आतून पुकारा झाला, 'आकाराम तात्याबा', आणि पुकाऱ्यात आपलं नाव ऐकलं की उठायचं ही वीस वर्षांची सवय. पाय आपोआप उठले. तो आत जाऊन आपल्या जागी, मागच्या बाकाशी उकिडवा बसला. लालासाहेबांनी वळून पाहिलं, पण तोवर काम सुरू झालं होतं.

साताऱ्याहून एक वयस्क चिटणीस गॅझेटांचे गठ्ठे घेऊन आले होते. शपथेवर त्यांनी सांगितलं की ठरावाच्या तारखेपासून आजवरची गॅझेटं पाहिली, या पाच गावांच्या हजेरीचा जाहीरनामा त्यांत नाही. मसुदा रवाना झाल्याची नोंद जावक बारनिशीत, म्हणजे बाहेर जाणाऱ्या कागदांच्या वहीतही नाही.

पोलिसांचा वकील मात्र खचला नाही. माणूस हुशार होता आणि त्याचं म्हणणंही वरवर खोटं नव्हतं. "सरकारची इच्छा ठरावात स्वच्छ दिसते," तो म्हणाला. "छापणं राहिलं ही एक औपचारिकता. वीस वर्षं ही पाच गावं बिनतक्रार हजेरी देत आली. आरोपीचा स्वतःचा बाप रोज हजर राहिला. बायको मरायला टेकली असतानाही तो माणूस दवाखान्यातून उठून वेळेवर हजेरीला आला, हे पाटलांच्या बुकात आहे. बंधनच नव्हतं तर तो आला कशाला?"

कोर्टातली सगळी डोकी मागं वळली. तात्याबानं पटकन मान खाली घातली. जणू कुणी त्याला उसात चोरी करताना धरलं होतं.

लालासाहेब उठले. "कारण त्याला आपण सर्वांनी सांगितलं की बंधन आहे," ते म्हणाले. "ऐकणाऱ्यानं ऐकलं म्हणून सांगणाऱ्याला अधिकार येत नाही. कायद्यानं एखादी गोष्ट एका रीतीनं करायला सांगितली असेल तर ती त्याच रीतीनं करायची, नाहीतर करायचीच नाही. साऱ्या कोर्टांवरच्या विलायतेतल्या प्रिव्ही कौन्सिलनं हे सांगून दहा वर्षं झाली. मी आणखी काही म्हणत नाही."

मॅजिस्ट्रेट फार वेळ लिहीत राहिले. मग त्यांनी निकाल वाचला, आणि आरोपीला समजावा म्हणून मराठीतही सांगितला. आरोपी गैरहजर होता हे शाबीत आहे. पण हजर राहण्याचं आणि पास काढण्याचं कर्तव्य गॅझेटातल्या जाहीरनाम्यानं निर्माण होतं आणि तसा जाहीरनामा नाही. सर्क्युलर आणि मेमो ही खात्यांतली आपसातली लिखापढी. ठराव हा सरकारचा निर्णय खरा, पण त्यानंच जाहीरनामा पुढं काढू असं म्हटलं आणि तो निघाला नाही. "तेव्हा या गावच्या रामोश्यांवर रोज हजेरी देण्याचं कायदेशीर बंधन आजही नाही आणि यापूर्वी कधीही नव्हतं. आरोपी निर्दोष."

आकारामच्या हातातली बेडी निघाली. बाहेर आल्यावर पोलिसांचा वकील हंबीररावांना म्हणत होता, मसुदा आता लगेच धाडतो, महिन्याभरात जाहीरनामा निघेल. लालासाहेबांनी ते ऐकलं आणि तिथंच सांगितलं, "निघू दे. छापून येईल त्या दिवसापासून लागू. मागचं काही त्यानं झाकलं जाणार नाही."

पाटील अवघडून उभे होते. ते वाईट माणूस नव्हते. पास देताना त्यांनी कधी चिरीमिरी घेतली नाही आणि बनुबाईसाठी तीन दिवस दिले ते आपल्या मनानं दिले होते. पटका सारखा करून ते म्हणाले, "तात्या, मला गड्या काय ठावं न्हवतं. मला कागद आला, मी वाचला. ठावं असतं तर..." बगलेतलं हजेरीबुक त्यांनी दुसऱ्या हाती घेतलं. "आज येऊ नगं चावडीवर. वरनं काय कागद येईपतूर बुक मिटून ठिवतो."

तात्याबानं रामराम केला.

लालासाहेब त्याच्यापाशी आले. त्यांनी जिंकलेल्या वकिलासारखं काही केलं नाही. "मी तुला बाहेर बस म्हटलं होतं," ते हलक्या आवाजात म्हणाले.

"व्हय सायेब."

"तुझा यात दोष नाही, तात्याबा."

म्हातारा त्यांच्याकडं बघत राहिला. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता. त्याला खरंच विचारायचं होतं. "यापूर्वी कदीबी न्हवतं, असं म्हनाले न्हवं सायेब?"

"हो."

"म्हंजे त्या दिशीबी न्हवतं."

वकिलांना त्याला खोटं सांगता आलं असतं. ते म्हणाले, "नव्हतं."

"मी बसलो असतो तर चाललं असतं."

लालासाहेबांनी मान हलवली. त्यांनी आकारामच्या हातात मोटारीच्या भाड्याचे पैसे दिले आणि ते मागं वळून न बघता कोर्टात गेले.

इस्लामपुराहून सांगलीला जाणारी सर्व्हिस मोटार आष्ट्यावरून जायची, आणि आष्ट्याच्या पुढं आमच्या गावाचा फाटा. बाप-लेक मागल्या बाकावर बसले. आकारामनं आपल्या गावाच्या फाट्यापर्यंतची दोन तिकिटं काढली. बायामाणसं, गुळाच्या ढेपा, एक कोंबड्यांची पाटी, अशी मोटार गच्च होती. दोन्ही बाजूंनी ऊस होता आणि त्याला तुरे आले होते. आकाराम खिडकीतून बघत होता. सुटलो म्हणून आनंद करावा असं त्याला वाटत असेल, पण शेजारी बसलेल्या बापाकडं बघून त्याला तो करवेना. दवाखान्यातल्या त्या दुपारपासून त्यानं बापाशी धड एक बोलणं केलं नव्हतं. मनातून तो बापाला भेकड म्हणत आला होता. आता तेही म्हणता येईना. भेकड तरी खऱ्या वाघाला भितो.

तात्याबाचे हात गुडघ्यांवर होते. ऊन तिरपं होत चाललं तशी त्याची बोटं चुळबुळायला लागली. पासाचे दिवस सोडले तर वीस वर्षांत या वेळेला तो असा कुठं बसला नव्हता. या वेळेला तो चालत असायचा, नाहीतर पळत. लेकीच्या लग्नातून असाच उठून आला होता. भाऊ गेला तेव्हा मढं उचलायच्या आधी निघाला होता. एकेक आठवत गेलं. ते सगळं त्यानं सरकारच्या खाती घातलं होतं. सरकारनं आज ते उचलून परत त्याच्या पदरात टाकलं होतं आणि म्हटलं होतं, हे आमचं नव्हे, तुझं तू सांभाळ.

आष्टा मागं पडलं. थोड्या वेळानं आकाराम उठला. "आबा, फाटा आला. चला."

तात्याबा उठला नाही.

"आबा."

"तुझी आय मला ऱ्हावा म्हनाली हुती," तात्याबा म्हणाला. तो आकारामकडं बघत नव्हता. "तू ऐकलंस न्हवं?"

"व्हय. ऐकलं."

"मी न्हाई ऱ्हायलो."

मोटार थांबली होती. ड्रायव्हरनं भोंगा वाजवला, कोण उतरतंय ते लवकर उतरा म्हणून ओरडला. फाट्यावरून गावाकडं जाणारी गाडीवाट दिसत होती आणि तिच्या टोकाला, झाडांवर, दिवस टेकला होता. चावडीवर नावं वाचायची तीच वेळ. आकाराम बापाची पासोडी हातात घेऊन उभा राहिला, आणि त्याच्या ध्यानात आलं की म्हाताऱ्यानं दोन्ही हातांनी पुढचा बाक घट्ट धरला आहे. पाय उतरायला बघत होते आणि तो त्यांना धरून ठेवत होता.

"कुटं जायचं हाय, आबा?"

"तू घाटावर हुतास. मी न्हवतो. तिला कुटं जाळली ती जागाबी मला ठावं न्हाई. मला ती दाव."

आकारामनं खिशातले उरलेले पैसे काढून ड्रायव्हरपाशी दिले आणि सांगली म्हणाला. मग तो परत येऊन बापाशेजारी बसला आणि कोंबड्यांची पाटी जरा सरकवून त्यानं म्हाताऱ्याच्या पायाला जागा केली. मोटार सुटली. तात्याबा मोठ्यानं रडायला लागला आणि पुढच्या बाकावरच्या बाया वळून बघायला लागल्या, तेव्हा आकाराम त्यांना म्हणाला, "माजी आय गेलीया."